‘दोन्ही खरं’ इथे थांबू नका: विधान-कारणाचे प्रश्न जुन्या पेपरांवरून कसे शिकावेत

डिचोलीला माझ्याकडे दहावीच्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने गेल्या पावसाळ्यात सरावाचा पेपर सोडवून आणला. त्यात एक प्रश्न असा होता:

विधान: धमन्यांच्या भिंती शिरांच्या भिंतींपेक्षा जाड असतात.
कारण: बहुतेक धमन्या ऑक्सिजनयुक्त रक्त वाहून नेतात.

तिने पहिला पर्याय लिहिला होता, म्हणजे दोन्ही खरी आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण. मी फुली मारली. ती म्हणाली, “टीचर, दोन्ही वाक्यं पुस्तकात आहेत. मी दाखवते पान.” पान तिने खरंच दाखवलं, आणि दोन्ही वाक्यं खरीही होती. तरी उत्तर चूक होतं.

आमच्याकडची मुलं या प्रश्नांना ‘असर्शन-रीझन’ म्हणतात. ज्यांचा यात गुण जातो त्यांतल्या बहुतेकांना धडा येत असतो. ते ‘दोन्ही खरं’ पाशी पोचतात आणि तिथेच थांबतात. खरं तर तिथून पुढे तिसरा प्रश्न सुरू होतो: या खऱ्या गोष्टीमुळे ती खरी गोष्ट घडते का? हा तिसरा प्रश्न जुन्या पेपरांत कोणकोणत्या रूपांत येतो, ते ओळखायला शिकणं म्हणजेच हा प्रश्नप्रकार शिकणं. ज्यांनी तो आत्ताच पहिल्यांदा पाहिला आहे त्यांच्यासाठी मी माझ्या वर्गात जशी सुरुवात करते तशीच इथे लिहिते, आणि धमन्यांचाच प्रश्न शेवटपर्यंत हाताशी ठेवते.

आधी पर्याय वाचा

सीबीएसईच्या दहावीच्या विज्ञानाच्या पेपरात २०२३ ते २०२५ या वर्षांत हे प्रश्न १७ ते २० या क्रमांकांवर होते, प्रत्येकी एका गुणाचे. चार पर्याय ठरलेले असतात. पहिला: दोन्ही खरी आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण. दुसरा: दोन्ही खरी, पण कारण हे स्पष्टीकरण नाही. तिसरा: विधान खरं, कारण खोटं. चौथा: विधान खोटं, कारण खरं.

हे पाठ झालं की मुलं पर्याय वाचणंच सोडून देतात, आणि मग पुढच्या वर्षी फसतात. बारावीच्या काही पेपरांत ‘दोन्ही खोटी’ असाही पर्याय असतो, नीटमध्ये क्रमही बदललेला असू शकतो. उत्तर डोक्यात बरोबर आणि अक्षर चुकीचं, असं मी दरवर्षी पाहते. म्हणून पेपर हातात आला की चारही पर्याय एकदा बोट ठेवून वाचायचे. दहा सेकंदांचं काम.

कारणावर हात ठेवा

हे मी शब्दशः करायला लावते. डावा तळहात दुसऱ्या वाक्यावर ठेवायचा, जेणेकरून ते दिसणार नाही. मग विधान एकटं वाचायचं आणि बाजूला पेन्सिलने ‘ख’ किंवा ‘खो’ लिहायचं.

हात कशाला ठेवायचा? दिलेलं कारण खरं आणि ओळखीचं असलं की ते विधानालाही खरेपणा चिकटवतं. ‘अमुक असतं, कारण तमुक असतं’ हे एका दमात वाचलं की कानाला गोड लागतं, आणि मधला खोटेपणा सुटतो. चौथा पर्याय उत्तर असलेले प्रश्न मुख्यतः याच सापळ्यावर उभे असतात.

विधान खरं ठरलं की हात उचलायच्या आधी आणखी एक काम. विधानातल्या कोणत्या शब्दाचं कारण हवं आहे, त्याखाली रेघ मारायची. आपल्या विधानात रेघ ‘धमन्यां’खाली येणार नाही, ‘भिंतीं’खालीही नाही. ती ‘शिरांपेक्षा जाड’ याखाली येईल, कारण कोडं तिथे आहे. या रेघेवर पुढचं सगळं अवलंबून आहे, तेव्हा ती मारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता हात तसाच ठेवून स्वतःचं कारण पाच-सहा शब्दांत मनाशी म्हणायचं. पेपर इंग्रजीत असला तरी हे आपल्या भाषेत करा. त्या मुलीला मी सरळ कोंकणीतच विचारलं, “जाड कित्याक?” ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “रक्त जोरात येतं म्हणून.” झालं की! उत्तर तिच्याकडे होतं, पण पेपरातलं कारण आधी वाचल्यामुळे ते कधी बाहेरच आलं नव्हतं.

स्वतःचं कारण सुचलंच नाही, तर तीही कामाची बातमी आहे. त्याचा अर्थ तो भाग आपण ‘काय असतं’ एवढाच वाचला आहे, ‘का असतं’ वाचलेला नाही. घरी असाल तर तिथे खूण करून धड्याकडे परत जा.

मग कारण, तेही एकटंच

आता हात उचला आणि दुसरं वाक्य असं वाचा, जणू वरचं विधान छापलेलंच नाही. खरं की खोटं, एवढंच ठरवायचं.

इथे एकेक शब्द महाग असतो. ‘बहुतेक धमन्या ऑक्सिजनयुक्त रक्त नेतात’ हे खरं आहे. ‘सर्व धमन्या ऑक्सिजनयुक्त रक्त नेतात’ हे खोटं आहे, कारण हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी फुप्फुस धमनी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते. म्हणजे त्याच प्रश्नात ‘बहुतेक’ असेल तर उत्तर दुसरा पर्याय, आणि ‘सर्व’ असेल तर तिसरा. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ हे शब्द दिसले की अपवाद आठवून पाहा. पण असा शब्द दिसला की वाक्य खोटंच, असा नियम करू नका. सगळ्या धमन्या रक्त हृदयापासून दूर नेतात, यात ‘सगळ्या’ असूनही ते खरंच आहे.

दोहोंपैकी एक जरी खोटं निघालं, तर स्पष्टीकरणाचा विचारच करायचा नाही. तिथे प्रश्न संपला.

दोन्ही खरी असतील तर दोन कसोट्या

बहुतेक पुस्तकं सांगतात की दोन वाक्यांमध्ये ‘कारण’ शब्द घालून वाचा. ते ठीक आहे, पण पुरेसं नाही. ‘धमन्यांच्या भिंती जाड असतात कारण त्या ऑक्सिजनयुक्त रक्त नेतात’ हे वाचायला छानच वाटतं. वाक्य व्याकरणात बसलं म्हणजे विज्ञानात बसलं असं होत नाही. म्हणून मी दोन कसोट्या लावायला सांगते.

पहिली कसोटी उलट साक्षीदाराची. कारणात सांगितलेली गोष्ट जिथे आहे पण विधानातली गोष्ट नाही, असं उदाहरण शोधा. किंवा विधानातली आहे आणि कारणातली नाही, असं. आपल्या प्रश्नात दोन्ही मिळतात. फुप्फुसाकडून हृदयाकडे येणारी फुप्फुस शीर ऑक्सिजनयुक्त रक्त नेते, तरी तिची भिंत शिरेसारखी पातळच असते. आणि फुप्फुस धमनी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते, तरी तिची बांधणी धमनीचीच असते. म्हणजे ऑक्सिजन बदलला तरी भिंत बदलत नाही. तेव्हा भिंतीचं कारण ऑक्सिजन नव्हे.

यावर त्या मुलीने मला अडवलं, आणि बरोबर अडवलं. “पण टीचर, फुप्फुस धमनीची भिंत महाधमनीपेक्षा पातळ असते, आमच्या क्लासमध्ये सांगितलंय. मग ऑक्सिजनमुळे नाही का?” असते खरी. पण तिथला दाब पाहा. हृदयाचा डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो आणि तिथे वरचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलीमीटर असतो. उजव्या कप्प्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं असतं, म्हणून फुप्फुस धमनीतला वरचा दाब २५ च्या आसपास असतो. दाब कमी तिथे भिंत पातळ, दाब जास्त तिथे जाड. तिने ऑक्सिजनच्या बाजूने आणलेला साक्षीदार दाबाच्या बाजूने बोलला.

याहून पक्का पुरावा शस्त्रक्रियेतून मिळतो. हृदयाच्या बायपासमध्ये पुष्कळदा पायातली शीर काढून धमनीच्या जागी जोडतात. शीर तीच, पण आता तिच्यातून धमनीच्या दाबाने रक्त वाहतं, आणि काही काळाने तिची भिंत जाड होत जाते. दाब बदलला आणि मागोमाग भिंत बदलली. कारण ओळखायचं ते असं. परीक्षेत हे लिहावं लागत नाही, पण एकदा ऐकलं की ‘दाब’ हा शब्द विसरला जात नाही.

दुसरी कसोटी रेघेची. कारण त्या रेघ मारलेल्या शब्दापर्यंत पोचतं का? ‘हृदयातून बाहेर पडणारं रक्त जास्त दाबाने धमन्यांत शिरतं’ हे कारण ‘जाड’पर्यंत थेट पोचतं, कारण दाब सोसायला भिंत दणकट लागते. मधे एकच पायरी आहे आणि ती कुणीही भरू शकतो. ‘धमन्या हृदयापासून रक्त दूर नेतात’ हे मात्र अर्ध्यावर थांबतं. दूर नेण्याचा आणि जाडीचा संबंध लावायला दाबाचा मुद्दा आपल्याला बाहेरून आणावा लागतो. मधली पायरी म्हणजे स्वतःच एक वेगळं कारण असेल, तर छापलेलं कारण अपुरं समजायचं.

जुन्या पेपरांत सापडणारे साचे

आता जुने पेपर काढा. सीबीएसईचे नमुना पेपर उत्तरसूचीसह cbseacademic.nic.in वर फुकट मिळतात. विज्ञानाचे चार-पाच वर्षांचे घ्या. मात्र ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडवत बसू नका. फक्त विधान-कारणाचे प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा, आणि त्यांतले उत्तर दुसरा पर्याय असलेले प्रश्न बाजूला काढा. प्रश्न काढणारा खरी पण गैरलागू वाक्यं कुठून आणतो, हे तिथेच दिसतं. उत्तरसूचीत बहुधा नुसतं अक्षर असतं, ‘का’ ते आपणच लिहायचं. मला त्यात पुन्हा पुन्हा तीन साचे दिसतात.

पहिल्याला मी ‘भावंडं’ म्हणते. विधान आणि कारण ही दोन्ही एकाच तिसऱ्या गोष्टीची लेकरं असतात. ‘धमन्यांच्या भिंती शिरांपेक्षा जाड असतात’ याखाली ‘शिरांमध्ये झडपा असतात’ असं कारण आलं, तर दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचा उगम दाबात आहे. शिरांत दाब कमी, म्हणून रक्त मागे फिरू नये यासाठी झडपा. धमन्यांत दाब जास्त, म्हणून भिंती जाड. पण झडपांमुळे भिंती जाड झाल्या नाहीत. एकाच आईची दोन मुलं शेजारी उभी आहेत म्हणून मोठ्याने धाकट्याला जन्म दिला असं होत नाही. हा साचा ओळखणं सर्वांत कठीण, कारण दोन्ही वाक्यं धड्यात एकाच परिच्छेदात असतात आणि आपल्या डोक्यात ती जोडीनेच साठवलेली असतात.

दुसरा साचा तुलनेचा. विधान दोन गोष्टींतला फरक सांगतं, आणि कारण दोन्हींना सारखंच लागू असणारं काहीतरी सांगतं. आपल्या गोव्यातलंच घ्या:

विधान: कळंगुटला समुद्राजवळच्या घरांची लोखंडी ग्रिलं वाळपईतल्या घरांच्या ग्रिलांपेक्षा लवकर गंजतात.
कारण: लोखंड गंजायला हवा आणि ओलावा दोन्ही लागतात.

दोन्ही खरं. पण वाळपईला हवा नाही की ओलावा नाही? सत्तरीतला पाऊस ज्याने पाहिला आहे तो तरी असं म्हणणार नाही. जे दोन्हीकडे आहे त्याने दोन्हींतला फरक समजत नाही. कळंगुटला जास्तीचं आहे ते समुद्रावरून येणारे खारे तुषार. त्यांतल्या क्षारांमुळे लोखंडावरच्या ओलाव्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया वेगाने चालते. तेव्हा विधानात ‘पेक्षा’, ‘जास्त’, ‘लवकर’, ‘पण अमुक मात्र नाही’ असं काही दिसलं, की कारणातही फरक सांगणारं काही आहे का ते बघायचं. ‘तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत’ याचं कारण म्हणून ‘वातावरणात प्रकाशाचं अपवर्तन होतं’ एवढंच दिलं असेल, तर तिथेही हीच गोम आहे. अपवर्तन ग्रहाच्या प्रकाशाचंही होतंच. फरक हा की तारा फार दूर असल्यामुळे नुसत्या बिंदूसारखा दिसतो, आणि ग्रह जवळ असल्यामुळे अनेक बिंदूंचा मिळून झालेला.

तिसरा साचा मागचं पुढे करण्याचा. कारण म्हणून नंतर घडणारी गोष्ट दिलेली असते. चतुर्थीच्या आधी घरोघरी तांब्याची भांडी घासायला निघतात, तेव्हा वर्गात हा प्रश्न मी हमखास घालते:

विधान: दमट हवेत उघड्या राहिलेल्या तांब्याच्या भांड्यावर हिरवट थर चढतो.
कारण: चिंचेतल्या आम्लाची बेसिक कॉपर कार्बोनेटशी अभिक्रिया होते.

कारण खरं आहे, पण त्याने थर निघतो कसा ते कळतं, चढला कसा ते कळत नाही. थर चढतो तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याबरोबर तांब्याची अभिक्रिया होऊन बेसिक कॉपर कार्बोनेट बनतं म्हणून. इथे एक सोपी युक्ती चालते: दोन्ही घटना काळाच्या रेषेवर मांडा. कारण विधानाच्या डावीकडे पडायला हवं. उजवीकडे पडलं तर ते परिणाम किंवा उपाय असतं.

जीवशास्त्राची एक सवलत

ही काळाची रेषा जीवशास्त्रात सरसकट लावली तर मात्र गुण जातील. तिथे विधान एखाद्या रचनेबद्दल असेल, तर त्या रचनेचं काम हे कारण म्हणून चालतं. ‘गवत खाणाऱ्या प्राण्यांचं लहान आतडं लांब असतं’ आणि ‘सेल्युलोज पचायला लांब आतडं लागतं’ या जोडीला पहिलाच पर्याय बरोबर धरतात. काटेकोर बोलायचं तर गरज आहे म्हणून अवयव वाढत नाही, उत्क्रांतीत तो तसा टिकून राहतो. पण दहावीच्या पेपरात एवढं खोल जाणं अपेक्षित नाही. माझा ढोबळ नियम असा: विधान ‘कसं असतं’ सांगत असेल तर ‘कशासाठी’ चालतं. विधान ‘काय घडतं’ सांगत असेल तर आधी काय घडलं तेच हवं.

जिथे रेघ पुसट होते

काही प्रश्नांत मीही अडखळते, आणि ते मुलांपासून लपवत नाही. ‘सूर्यास्ताच्या वेळी सूर्य तांबूस दिसतो’ याखाली ‘लाल प्रकाश हवेतल्या कणांमुळे सर्वांत कमी विखुरतो’ असं कारण आलं तर काय लिहायचं? लाल प्रकाश दुपारीही कमीच विखुरतो, पण मिरामारला दुपारी सूर्य लाल दिसत नाही. संध्याकाळी वेगळं काय असतं, तर प्रकाशाला वातावरणातून जास्त लांब वाट कापावी लागते. त्या वाटेत बहुतेक निळा प्रकाश विखुरला जातो आणि लाल आपल्यापर्यंत पोचतो. म्हणजे दिलेलं कारण हा साखळीतला खरा दुवा आहे, पण पूर्ण साखळी नव्हे.

अशा वेळी विधानाच्या शब्दांकडे परत जायचं. विधान नुसतं ‘तांबूस दिसतो’ म्हणत असेल, तर प्रश्न रंगाचा आहे. ‘लालच का, निळा का नाही’ याला विखुरणं हे थेट उत्तर आहे, म्हणून मी पहिला पर्याय घेईन. विधानात ‘दुपारी नाही, पण संध्याकाळी’ असं असेल तर तो तुलनेचा साचा झाला. मग वाटेच्या लांबीचा उल्लेख नसलेलं कारण अपुरं, आणि पर्याय दुसरा. आणि ‘वातावरणात प्रकाशाचं अपवर्तन होतं’ असं कारण असेल तर शंकाच नको. त्यामुळे सूर्य मावळल्यावरही सुमारे दोन मिनिटं दिसत राहतो, त्याच्या रंगाशी त्याचा संबंध नाही.

वही कशी चालवायची

पानाच्या उभ्या तीन ओळी करा. पहिलीत विधान आणि त्यातली रेघ. दुसरीत हात ठेवून काढलेलं स्वतःचं कारण. तिसरीत पेपरातलं कारण, उत्तर, आणि उत्तर दुसरा पर्याय असेल तर साच्याचं नाव: भावंडं, तुलना, मागचं पुढे. तिन्हींत न बसणारेही निघतील, त्यांना ‘शेजारी’ म्हणा. त्यात कारण त्याच पदार्थाची किंवा अवयवाची भलतीच माहिती देतं, आणि ते बहुधा एका नजरेत कळतं. तीस-चाळीस प्रश्न झाले की तिसरी ओळ सलग वाचा. आपण कोणत्या साच्यात पडतो ते तिथे दिसतं, आणि प्रत्येकाचा खड्डा वेगळा असतो. त्या मुलीचा ‘भावंडं’ होता. तिच्या वर्गातल्या एका मुलाचा तर उलटाच त्रास: दुसऱ्या पर्यायाला तो इतका घाबरायला लागला की सरळ सोप्या प्रश्नातही खोट काढायचा. सिल्व्हर क्लोराइड उन्हात करडं पडतं, कारण उजेडाने त्याचं विघटन होऊन चांदी बनते, इथेही त्याने दुसरा पर्याय लिहिला. त्याला मी सांगितलं, उलट साक्षीदार दाखव. तो दाखवता आला नाही, आणि कारण रेघेपर्यंत पोचत होतं. मग पहिला पर्याय लिहायला घाबरायचं कशाला?

यानंतरचा सराव म्हणजे प्रश्न दुरुस्त करणं. उत्तर दुसरा पर्याय असलेला प्रश्न घ्या, विधान तसंच ठेवा, आणि कारण असं बदला की उत्तर पहिला पर्याय व्हावं. मग पुन्हा बदला, उत्तर तिसरा पर्याय यावं असं. धमन्यांच्या विधानाला ‘रक्त हृदयातून जास्त दाबाने बाहेर पडतं’ लिहिलं की पहिला. ‘शिरांमधला दाब धमन्यांपेक्षा जास्त असतो’ लिहिलं की तिसरा. एका विधानाखाली चार कारणं लिहून झाली की तो धडा वेगळा वाचावा लागत नाही.

त्या मुलीने असा एक प्रश्न स्वतः बनवला आणि घरी भावाला घातला. त्यांचं आजोळ पेडण्यात, आगरवाड्याच्या बाजूला, त्यामुळे मिठागरं दोघांनी पाहिलेली. विधान: मिठागरात मीठ पावसाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यांत काढतात. कारण: मीठ पाण्यात विरघळतं. तिच्या मते उत्तर दुसरा पर्याय, कारण मीठ बनतं ते उन्हाने पाणी आटून. भावाने पहिला लिहिला. “पावसात मीठ विरघळून जाईल ना, म्हणून तर आधी काढतात!” ती माझ्याकडे भांडण घेऊन आली. मी म्हटलं, त्याचं बरोबर आहे. तुझी रेघ ‘मीठ बनण्या’खाली होती, पण विधानात तू लिहिलंस ते ‘कोरड्या महिन्यांत’. त्याने तिथे रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी तिने विधान बदललं: मिठागरातल्या उथळ खाऱ्या पाण्यावर ऊन पडत राहिलं की शेवटी मीठ शिल्लक राहतं. कारण तेच ठेवलं. या वेळी भावाने दुसरा पर्याय लिहिला, आणि समासात, पाण्याची वाफ होऊन जाते, मिठाची होत नाही.